पाऊण तासाची फेरी सात मिनिटांत

जानू चोगलेला घड्याळाचं वेड नाही, पण वेळेचं आहे. हातात घड्याळ त्याने कधी बांधलं नाही. डाव्या हाताची दोन बोटं तर बोटीवर रस्सीतच गेली, तिथे पट्टा बांधून शोभा कशाला करायची, असं तो म्हणतो. पण किती वेळ झाला ते त्याला विचारा, पाच मिनिटं इकडे तिकडे होणार नाहीत.

जन्म केळशीचा. रत्नागिरीला आला तो एका ओळखीच्या बोटीवर खलाशी म्हणून, आणि चौदा वर्षांत त्याच बोटीचा तांडेल झाला. तांडेल म्हणजे बोटीचा कारभारी: कुठे जायचं, जाळं कुठे टाकायचं, कधी परतायचं, सगळा त्याचा शब्द. पुढे स्वतःची बोट झाली. मग ती रस्सी, ते इस्पितळ, आणि बोट मुलाच्या, सूरजच्या, हातात गेली. जानू घरी बसला. म्हणजे बसला कसला! आठ दिवसांत बायकोने हात टेकले. "याला कुठंतरी नेऊन बसवा हो," असं तिने मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरीला जाऊन सांगितलं. "घरात बसून माझ्या माशांच्या तुकड्यांचं माप काढतो."

सेक्रेटरी हरिश्चंद्र हा माणूस मनाने चांगला, पण नव्या वस्तूचा भारी सोस. सोसायटीत कुठलंही नवं यंत्र आलं की आठ दिवस त्याच्या तोंडात दुसरा विषय नसतो. कोणती सोसायटी, ते काय मी सांगत नाही. खाडीच्या तोंडाशी मच्छीमारांच्या पाच-सहा सोसायट्या आहेत, त्यातली एक धरून चाला. तर दोन वर्षांमागे हरिश्चंद्राने एक सोय करून घेतली होती. दुपारी चारच्या सुमारास बोटी बाहेर पडतात. त्याआधी प्रत्येक बोटीच्या तांडेलाला फोन जायचा आणि आज वारा कसा आहे, बाहेर जायचं की नाही, ते कळायचं. फोन माणसाने करायचा नाही, संगणकाने करायचा. रत्नागिरीतच राहणाऱ्या अक्षया नावाच्या इंजिनिअर मुलीने ते बसवून दिलं. संगणकात बोटींची यादी, यादीत तांडेलांचे नंबर. बटण दाबलं की वरपासून खालपर्यंत एकेकाला फोन लागायचा. चार लाइनी, म्हणजे एका वेळी चार फोन. पलीकडच्याने उचलला की आधी भरून ठेवलेला आवाज वाजायचा.

आवाज कुणाचा? तर जानूचा. हवामानाच्या बातमीतली बाई बोलते तसं कुणी ऐकणार नाही, आपल्यातला पाहिजे, असं हरिश्चंद्रच म्हणाला होता. तेव्हापासून रोज दीडला जानू हवामान खात्याचा इशारा वाचायचा, आपल्या शब्दांत वीस सेकंद बोलायचा: "ऐका रे, मी जानू बोलतोय. आज दर्या बरा हाय, बिनघोर जावा." बरोबर दोनला रुपाली बटण दाबायची. रुपाली सोसायटीची क्लार्क. हुशार, चटपटीत, आणि जानूला 'काका' म्हणत म्हणत त्याची यथेच्छ टिंगल करणारी.

या रोजच्या प्रकाराला जानूने नाव ठेवलं होतं 'फेरी'. तीनशे बारा बोटींची फेरी. ती चालू झाली की तो समोर भागोजीच्या टपरीवर जायचा. एक चहा, मग पेपर, मग पेपरातल्या बातमीवर भागोजीशी वाद, मग वाद मिटवायला दुसरा चहा. दुसऱ्या चहाचा कप खाली ठेवला की फेरी संपलेली असायची. चाळीस मिनिटं. कधी अडतीस, कधी त्रेचाळीस. कुणी लवकर फोन ठेवतो, कुणाला दोनदा लावावा लागतो, तेवढाच काय तो फरक.

दिवाळीनंतरच्या त्या गुरुवारी इशारा वाईट होता. संध्याकाळपासून वारा ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटर, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. आभाळ मात्र निळंशार, झाडाचं पान हलत नव्हतं. असा दिवस फार वाईट, कारण डोळ्यांनी बघून कुणी थांबत नाही. जानूने त्या दिवशी आवाज चढवून भरला: "ऐका रे, मी जानू बोलतोय. आज कोणी दोर सोडू नका. आभाळावर जाऊ नका, माझ्यावर जावा." दोनला रुपालीने बटण दाबलं आणि जानू टपरीवर गेला.

चहा समोर आला, पेपर उघडला, आणि बघतो तर चष्मा नाही. टेबलावर राहिला. बडबडत तो परत आला. चष्मा उचलता उचलता पडद्याकडे लक्ष गेलं. हिरवी पट्टी. 'फेरी पूर्ण. चुका: शून्य.'

"रुपाली, ही कालची पट्टी आहे ना गो?"

"आजची आहे काका. आत्ताच संपली. सात मिनिटांत! बघा तरी."

हरिश्चंद्र आतल्या खोलीतून जवळजवळ उडी मारूनच आला. सोसायटीत दोनच दिवसांपूर्वी इंटरनेटची नवी जाड वायर आली होती आणि तो कधीपासून तिचं कौतुक करायला टपून बसला होता. "मी सांगत नव्हतो? फायबर आहे फायबर! चाळीसची सात मिनिटं. वर्गणी वाढवली तेव्हा बोंबलत होते सगळे. आता बोलवा त्यांना." रुपालीला त्याने पेढे आणायला सांगितलं देखील.

जानूने चष्मा लावला, पडदा पुन्हा वाचला. चूक शून्य. चूक शून्य असेल तर भांडायचं कुणाशी? पण तांडेलकीत तो एक गोष्ट पक्की शिकला होता. उशिरा आलेल्या बोटीची सगळे काळजी करतात, पण वेळेआधी आलेल्या बोटीकडेही धावत जाऊन बघावं. एखादी भाग्याची, भरून आलेली असते. बाकीच्यांचं जाळं तरी फाटलेलं असतं नाहीतर माणूस तरी जखमी असतो.

"भाऊ," तो हरिश्चंद्राला म्हणाला, "वायर जाड आली म्हणून माझी जीभ जलद चालते काय?"

"म्हणजे?"

"वीस सेकंद मी बोलतो. तीनशे बारा जणांना बोलायचं, चार चार जणांना एका दमात. म्हणजे अठ्ठ्याहत्तर वेळा वीस सेकंद. नुसतं बोलण्यालाच सव्वीस मिनिटं झाली. फोन वाजायचा वेळ वेगळाच. वायर सोन्याची आणा, सात मिनिटांत हे बसायचं नाय."

रुपालीने तोंडातल्या तोंडात हिशेब केला आणि तिचं हसू मावळलं. पण हरिश्चंद्र हार मानणाऱ्यातला नव्हे. "लोक पूर्ण ऐकतात कुठे रे? उचलला की ठेवला. तुझा सूरजच बघ, तीन सेकंदांत ठेवतो. नोंद होते ना सगळी, मी बघितली आहे."

हे लागलं. जानूच्या चेहऱ्यावरून रुपालीला कळलं की लागलं. सूरज घरी सुद्धा म्हणायचा, "बाबा, सकाळ-संध्याकाळ तुमचाच आवाज, वर दुपारी फोनवर पण तुम्हीच." तेव्हा जानू हसायचा. पण नोंदीत तीन सेकंद म्हणजे वेगळं. खरंच का सगळेच आपला आवाज आला की फोन कापत असतील? दोन वर्षं आपण भिंतीशीच बोललो? क्षणभर त्याला भागोजीच्या टपरीवर जाऊन गप्प बसावंसं वाटलं. मग त्याने मान झटकली. ऐकत नसतील तर नसतील, पण फोन वाजला की नाही ते तर कळायलाच पाहिजे.

"ठीक. विचारून बघू," हरिश्चंद्र म्हणाला आणि त्याने आपल्या मेव्हण्याला, गंगारामला फोन लावला. स्पीकरवर टाकला. "गंगाराम, आला होता का जानूचा फोन?"

"आला की! दोन वाजताच. नको जाऊ म्हणाला. का, काय झालं?"

"बघ!" हरिश्चंद्राने विजयी मुद्रेने फोन टेबलावर ठेवला. "आता तरी पटलं?"

आता गंगारामची बोट म्हणजे सोसायटीतल्या सगळ्यांत जुन्या बोटींपैकी, आणि यादी जुन्यापासून नव्याकडे जाते. यादीत तिसरी. जानूने रुपालीकडे बघितलं आणि रुपालीने जानूकडे. "भाऊ, तुम्ही नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर उभं राहून विचारताय बोट पाण्यात आहे का," जानू म्हणाला. "जरा मागचा माणूस शोधा." त्याने स्वतःच बाळा नावाच्या तांडेलाला फोन लावला. बाळाची बोट दोनशेच्या पुढे कुठेतरी.

"फोन?" बाळा म्हणाला. "नाय बुवा. आम्हाला वाटलं आज जानूकाका झोपला. वारा नाय म्हणून फोन नाय, असं शेजारच्या बोटीवरचा रघू म्हणतोय. आम्ही बर्फ भरतोय."

अशा आणखी कितीतरी बोटी बर्फ भरत असतील. फोन आला नाही म्हणजे वारा नाही! हे जानूच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. दोन वर्षं फोन चुकला नव्हता, त्यामुळे तो न आल्याचा अर्थ काय लावायचा, हे कुणी ठरवलंच नव्हतं. ज्याने त्याने आपल्या सोयीचा लावला.

"बाळा, ते बर्फाचं घमेलं खाली ठेव. आज जायचं नाय. शेजारच्यांना पण सांग," जानू म्हणाला. मग वळला. "रुपाली, त्या पोरीला फोन लाव. अक्षयाला."

अक्षयाने पहिला प्रश्न विचारला तो नेमका: "किती जणांना फोन गेले? चुका किती ते नको, गेले किती ते सांगा. नोंदीत शेवटची ओळ बघा." रुपालीने नोंद उघडली. सत्तावन्न. तीनशे बारापैकी सत्तावन्न.

"आणि अठ्ठावन्नावर काय आहे?"

रुपालीने यादी खाली सरकवली आणि कपाळावर हात मारला. अठ्ठावन्नावर काहीच नव्हतं. कोरी ओळ.

ती कोरी ओळ म्हणजे गोदूबाईची बोट. तिच्या नवऱ्याच्या वेळची, जुनी, लाकूड कुजलेली. गेल्याच आठवड्यात ती मोडायला काढली. आमच्या खाडीत एक रीत आहे. मोडलेल्या बोटीचं नाव वहीत खोडत नाहीत. खोडणं म्हणजे अपशकुन. पान नव्याने लिहायचं झालं तर त्या नंबरची ओळ कोरी सोडायची आणि तिच्यावर दुसरी बोट चढवायची नाही. त्या सकाळीच गोदूबाई सोसायटीत येऊन बसली होती. "रीतीप्रमाणे ठेव गो बाय. खोडू नको, आणि कोणाला त्या जागेवर बसवू पण नको." रुपालीने तेच केलं. संगणकातली यादी म्हणजे नव्याने लिहिलेलं पानच, म्हणून नाव काढलं, नंबर काढला, ओळ तशीच राखली. वहीत चाळीस वर्षं चाललं ते संगणकात पहिल्यांदाच घडत होतं.

"माझीच चूक आहे," अक्षया पलीकडून म्हणाली. "नाव कोरं दिसलं की यादी संपली, असं मी धरलं होतं. यादीच्या मध्ये कोणी कोरी ओळ सोडेल असं मला वाटलंच नाही. संगणकाने सत्तावन्न फोन नीट केले, यादी संपली म्हणाला आणि थांबला. त्याच्या लेखी चूक झालीच नाही."

"माणसं पण अशी असतात," जानू पुटपुटला. हरिश्चंद्र त्या वेळी मन लावून नव्या वायरीकडे बघत होता.

पावणेतीन वाजत आले होते. अक्षयाने सांगितलं, अठ्ठावन्नावर काहीतरी भरा, कोरं ठेवू नका, आणि तिथूनच पुढे फेरी लावा. वरच्या सत्तावन्नांना परत नको. काहीतरी म्हणजे काय भरायचं? बोट तर नाही. रुपालीने क्षणभर विचार केला आणि बोटीच्या जागी लिहिलं 'गोदूबाई', पुढे तिच्या घरचा नंबर. बटण दाबलं. पहिल्या चार फोनांतच गोदूबाईचा होता. दोन मिनिटांत तिचा उलटा फोन आला. "मेल्या जानू, माझी होडी मोडली, मला कशाला सांगतोस दोर सोडू नको म्हणून! चुलीवर बसू काय दोर धरून?"

हरिश्चंद्रसुद्धा हसला. पण जानूचं हसणं अर्धवटच राहिलं, कारण हिशेब त्याच्या डोक्यात चालूच होता. उरले अडीचशेच्या वर. अर्धा तास लागणार. बोट सूरजच्या नावावर नव्याने नोंदलेली, म्हणून दोनशे ब्याण्णवावर. म्हणजे सव्वातीनपर्यंत त्याला फोन नाही. आणि सूरज उतावळा. सगळे चारला निघतात तर हा तीनलाच दोर सोडून मोकळा.

त्याने सूरजला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. तेच. बाळाला विचारावं म्हटलं तर तोही उचलेना. त्याला बाकीच्यांना सांगत फिरायला जानूनेच लावलेलं.

"हा गेला," जानू म्हणाला. चप्पल पायात सरकवली न सरकवली आणि निघाला. मागून रुपाली ओरडत होती, "काका, भाऊंची गाडी घ्या!" पण ऐकायला थांबला तो जानू कसला. भर उन्हात जेट्टीच्या रस्त्याने तो धावतच सुटला. एकसष्ट वर्षांचा माणूस, शर्टाची बटणं उघडी, आणि वाटेत जो भेटेल त्याला ओरडून सांगतोय, "आज जायचं नाय! वारा हाय! सांगा सगळ्यांना!" लोक वर निळ्या आभाळाकडे बघत होते आणि मग जानूकडे. मनात मात्र तो सूरजला शिव्या घालत होता. फोन उचलत नाही. तीन सेकंदसुद्धा नाही. बापाचा आवाज नको झालाय. दर्याला काय, त्याला कुणाचा बाप कोण ते कळत नाही.

बर्फाच्या कारखान्याच्या वळणावर एक मोटरसायकल समोरून आली, इतक्या वेगात की जानूला बाजूला व्हावं लागलं. करकचून ब्रेक लागला. गाडीवर सूरज. अंगात बोटीवरचा बनियन, पायात चप्पल नाही, चेहरा पांढराफटक.

"बाबा!" गाडी त्याने स्टँडवर सुद्धा लावली नाही, तशीच आडवी टाकली. दोन्ही हातांनी बापाचे खांदे धरले आणि वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय धाड भरली? तू फोन का नाय उचलत?"

"गाडीवर होतो! सोसायटीतच येत होतो. अडीच झाले, पावणेतीन झाले, तुमचा फोन नाही. दोन वर्षांत कधी असं झालं नाही. रघू म्हणाला वारा नसेल, म्हटलं वारा असो नाहीतर नसो, बाबा फोन करणारच. मग नाही आला म्हणजे..." सूरजने तोंड फिरवलं.

"बोट?"

"बांधून आलोय. आजपर्यंत तुमचा फोन आल्याशिवाय दोर सोडला नाही मी."

जानू बघतच राहिला. "तू तर तीन सेकंदांत ठेवतोस. भाऊने नोंद बघितली."

"मग काय, पूर्ण भाषण ऐकू?" सूरजला आता रागही आला होता आणि हसूही. "तुम्ही 'ऐका रे' कसं म्हणता त्यावरून कळतं वारा आहे का नाही. लहानपणापासून ऐकतोय. आणि तुम्ही जागेवर आहात एवढं कळलं की झालं. बाकी सतरा सेकंद लोकांसाठी."

जानूने तीन बोटांचा हात सूरजच्या पाठीवर ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही. तेवढ्यात सूरजच्या खिशात फोन वाजला. सव्वातीन झाले होते. सूरजने उचलून कानाला लावला, आणि समोर उभ्या असलेल्या बापाकडे बघत, त्या दिवशी वीसच्या वीस सेकंद ऐकला.

साडेपाचला वारा आला. आधी माडांच्या झावळ्या सळसळल्या, मग खाडीचं पाणी काळं झालं, आणि अंधार पडेपर्यंत जेट्टीवर उभं राहणं मुश्किल झालं. सोसायटीच्या सगळ्या बोटी किनाऱ्याला बांधलेल्या, एकमेकींवर आपटत, करकरत. हरिश्चंद्राने मागवलेले पेढे आलेच होते. ते त्याने निमूटपणे वाटले, आणि कशाबद्दल वाटतोय ते कुणी विचारलं नाही.

अक्षया दुसऱ्याच दिवशी येऊन दुरुस्ती करून गेली. आता कोरी ओळ आली तर फेरी ती ओलांडून पुढे जाते. आणि संपल्यावर पडद्यावर नुसती हिरवी पट्टी येत नाही, यादीत बोटी किती आणि फोन गेले किती, दोन्ही आकडे शेजारी शेजारी येतात. फेरी नेहमीपेक्षा फार लवकर संपली तर पट्टी लाल होते आणि घंटा वाजते. किती लवकर म्हणजे फार लवकर, असं तिने विचारलं तेव्हा रुपालीने जानूकडे बोट दाखवलं. जानू म्हणाला, "माझा दुसरा चहा व्हायच्या आत." अक्षयाने तीस मिनिटं लिहून घेतली.

अठ्ठावन्नावर मात्र गोदूबाई तशीच राहिली. ओळ रीतीप्रमाणे कोरी करू का, असं रुपालीने तिला विचारलं होतं. "राहू दे गो," गोदूबाई म्हणाली. "दुपारी कोणीतरी विचारतं, बरं वाटतं." तिला होडी नाही, दोर नाही, वाऱ्याशी काही घेणंदेणं नाही. पण दोन वाजून सात-आठ मिनिटांनी तिचा फोन वाजतो, आणि ती तो वीस सेकंद पूर्ण ऐकते.

जानूचं म्हणाल तर वारा रात्रीतच ओसरला, आणि दुसऱ्या दिवशी दीडला तो आवाज भरायला बसला आणि "ऐका रे" वरच अडला. पुन्हा म्हणाला, पुन्हा अडला. कसं म्हणायचं तेच कळेना. आता कुणीतरी ते दोन शब्द कान देऊन ऐकणार होतं. रुपाली हसून हसून बेजार. "काका, किती वेळा? दोन वाजत आले."

"थांब गो," जानू म्हणाला, "आज दर्या बरा हाय, ते नीट कळू दे त्याला."